एअर सस्पेन्शनची गाडी : कुठे उचलायची, कुठे दबवायची? पाणंदीपासून हायवेपर्यंत समजून घ्या

कुपवाड : बटण दाबले की चार बोटे वर उठणारी आणि हायवेला लागली की आपोआप खाली बसणारी गाडी पूर्वी फक्त शहरात दिसायची. आता सेकंड हँड बाजारातून अशा गाड्या मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ तालुक्यांच्या मळ्यांपर्यंत आल्या आहेत. द्राक्ष बागायतदार, ठेकेदार, कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार त्या घेतात. गाडीबरोबर मोडची चार-पाच बटणे येतात, पण ती कधी वापरायची हे सांगणारे कोणी भेटत नाही. मग कोणी कायम उंच ठेवून पळवतो, तर कोणी कायम स्पोर्टवर. दोन्हींत गाडीचे नुकसान आहे आणि पहिल्यात जिवालाही धोका आहे.

उंची वेगळी, कडकपणा वेगळा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करावी. गाडीची उंची आणि सस्पेन्शनचा कडकपणा या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या सांभाळणारे भागही वेगळे आहेत.

उंची सांभाळतो तो एअर बलून. साध्या गाडीत चाकाजवळ लोखंडी स्प्रिंग असते, ट्रकला पाटे असतात. एअर सस्पेन्शनच्या गाडीत त्या जागी जाड रबराची हवा भरलेली पिशवी असते. गॅरेजवाले तिला बलून म्हणतात. गाडीतला छोटा कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो, व्हॉल्व्ह हवा सोडतात. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर उंची मोजत असतो. हवा भरली की गाडी वर, सोडली की खाली.

कडकपणा सांभाळतो तो शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. आत तेल असते आणि ते बारीक भोकांतून जाताना चाकाची उडी जिरते. अॅडॅप्टिव्ह शॉकअपमध्ये ही वाट विजेच्या व्हॉल्व्हने लहान-मोठी करता येते. वाट लहान झाली की शॉकअप कडक, मोठी झाली की मऊ.

काही गाड्यांत दोन्ही सोयी असतात, काहींत एकच. महिंद्राच्या 2024 च्या अखेरीस बाजारात आणलेल्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या विजेवरच्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये अॅडॅप्टिव्ह शॉकअप आहेत, पण बलून नाहीत. म्हणजे तिथे कडकपणा बदलतो, उंची बदलत नाही. लँड रोव्हर डिफेंडरसारख्या गाडीत एअर सस्पेन्शन घेतले तर दोन्ही बदलते. ती बसायला-उतरायला 50 मिलिमीटर खाली येते, खराब रस्त्यासाठी 75 मिलिमीटर वर जाते आणि अगदी अडचणीत आणखी 70 मिलिमीटर उचलता येते. गाडी घेताना ‘अॅडॅप्टिव्ह सस्पेन्शन आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. उंची बदलते का, हे वेगळे विचारावे.

आता एकच प्रवास धरून तिन्ही प्रसंग पाहू. समजा, मिरजेच्या पूर्व भागातल्या एका मळ्यातून अशी गाडी निघाली. आधी पाणंद रस्ता, मग कुपवाड एमआयडीसीत येऊन मागे लोखंडी कास्टिंगचे नमुने भरले आणि पुढे सांगली, आष्टा, पेठ नाका करत महामार्गाने पुण्याला गेली.

पाणंद रस्ता : उंच, मऊ आणि सावकाश

पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मध्ये मातीचा उंचवटा असतो. तिथे खरा धोका गाडीचे पोट घासण्याचा. म्हणून गाडी उंच करावी आणि शॉकअप मऊ, म्हणजे कम्फर्ट किंवा ऑफरोड मोडवर ठेवावा. मऊ शॉकअपमुळे प्रत्येक चाक खड्ड्यात सहज उतरते आणि जमिनीला धरून राहते. कडक शॉकअपवर चाक वरच्या वर उडते, मग ओल्या मातीत ते नुसते फिरते.

उंच केलेली गाडी उलट जास्त खडखडते, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. ती खरी आहे. चाकाला वर-खाली सरकायला ठरावीक जागा असते. बलून फुगवून गाडी वर नेली की चाकाला खाली लोंबायला उरलेली जागा कमी होते. मग खड्डा आला की चाक लगेच शेवटच्या टोकाला पोहोचते आणि ‘ठक’ असा आवाज येतो. ॲक्सलचे जॉइंटही जास्त कोनात फिरतात आणि लवकर झिजतात. म्हणजे उंच मोड हा आरामासाठी नाही, पोट वाचवण्यासाठी आहे. नुसत्या खड्ड्यांच्या डांबरी रस्त्यावर पोट घासत नसेल तर गाडी नेहमीच्या उंचीवर आणि मऊ ठेवलेलीच चांगली. तिथे चाकाला दोन्ही बाजूंना जागा मिळते.

दुसरी गोष्ट तोलाची. मोठ्या एसयूव्हीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण पाऊण मीटरवर असतो. गाडी 7.5 सेंटिमीटर उचलली की तो मध्यही जवळपास तेवढाच, म्हणजे सुमारे एक दशांशाने वर जातो. अशा गाडीला अचानक वळवले तर ती जास्त कलंडते. म्हणूनच बहुतेक गाड्यांत उंच मोडला वेगाची मर्यादा असते. गाडीनुसार ती साधारण 40 ते 80 च्या दरम्यान असते आणि ती ओलांडली की गाडी स्वतःच खाली येते. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात पाहून ठेवावा. काही जण बाहेरून वेगळे मॉड्यूल लावून किंवा सेन्सरची पट्टी सरकवून गाडी कायमची उंच करून घेतात. यात सेन्सर फसतो, गाडीला आपण खालीच आहोत असे वाटते आणि वेग वाढला तरी ती उतरत नाही. हे कधीच करू नये.

गतिरोधकाचेही असेच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. असा गतिरोधक ताशी 25 च्या वेगाने नेहमीच्या उंचीवर आरामात पार होतो. गावागावांत घरच्या घरी केलेले गतिरोधक मात्र अरुंद आणि टोकदार असतात. तिथे दोन्ही चाकांच्या मध्ये पोट टेकते. असा गतिरोधक ओळखीचा असेल तर शंभर-दीडशे मीटर आधीच बटण दाबावे, कारण गाडी वर यायला काही सेकंद लागतात. पुढचे चाक चढल्यावर बटण दाबून उपयोग नाही.

भरलेली गाडी : उंची तीच, पण भार खोटा नाही

गाडी एमआयडीसीत आली. मागे 250 किलोचे कास्टिंग भरले. चालक धरून चार माणसे आहेत, दोन पुढे आणि दोन मागे.

गाडी रिकामी असताना मागच्या दोन बलूनवर मिळून 1000 किलो भार आहे असे धरू, म्हणजे एकावर 500 किलो. बलूनचे हवेचे क्षेत्र 100 चौरस सेंटिमीटर धरले तर आतला दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो. आता डिकीतला माल मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे 250 किलोचा मागच्या चाकांवर साधारण 300 किलो भार पडतो आणि पुढची बाजू थोडी हलकी होते. मागच्या दोन माणसांचे 100 किलो धरा. एकूण 400, म्हणजे दर बलूनला 200 किलो वाढले. आता एका बलूनवर 700 किलो आणि दाब 7 किलो. सात किलो म्हणजे जवळपास 100 पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये 35 च्या आसपास असते हे लक्षात घेतले तर बलून किती ताण सोसतो ते कळेल.

लोखंडी स्प्रिंग असती तर? दर मिलिमीटरला 4 किलो घेणारी स्प्रिंग 200 किलोला 50 मिलिमीटर दबली असती. गाडीची मागची बाजू दोन इंच खाली आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. एअर सस्पेन्शनमध्ये सेन्सर सांगतो, कॉम्प्रेसर हवा भरतो आणि गाडी पुन्हा सपाट उभी राहते. शिवाय दाब वाढला की बलूनही त्याच प्रमाणात कडक होतो. त्यामुळे भरलेली गाडीही जवळपास रिकाम्या गाडीच्याच चालीने हलते. हा एअर सस्पेन्शनचा खरा फायदा.

पण इथेच मोठी फसगत होते. लोखंडी स्प्रिंगची गाडी दबली की डोळ्यांना दिसते आणि माणूस थांबतो. ही गाडी दबतच नाही, म्हणून ‘अजून बसतंय’ म्हणत माल भरला जातो. बलून गाडी उचलून धरतो, पण टायर, ब्रेक, ॲक्सल आणि बेअरिंग यांची ताकद वाढवत नाही. त्यांच्यावर भार पडतो तो पडतोच.

म्हणून भार डोळ्याने नाही, आकड्याने ठरवावा. आरसी बुकात गाडीचे रिकामे वजन आणि भरून जास्तीत जास्त वजन लिहिलेले असते. समजा, ते 2350 आणि 2900 किलो आहे. फरक 550 किलो. चार माणसे सरासरी 70 किलोची धरून 280 झाले, माल 250, एकूण 530. म्हणजे फक्त 20 किलोची जागा उरली. डिझेलच्या कॅनचासुद्धा विचार करावा लागेल. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी टायरची हवा वेगळी दिलेली असते, ती मागच्या टायरमध्ये भरून घ्यावी. हे काम बलून करत नाही.

भरलेल्या गाडीला मोड कोणता? उंची नेहमीची. उंच करून भरलेली गाडी चालवू नये, कारण वजन आणखी वर जाते आणि बलूनवर ताणही जास्त पडतो. शॉकअप मात्र एक पायरी कडक ठेवावा. वजन वाढले की गाडीची वर-खाली झुलण्याची ताकद वाढते आणि मऊ शॉकअपला ती आवरत नाही. ओळखायचे कसे? उंचवट्यावरून गेल्यावर गाडीने एकदा खाली-वर होऊन शांत व्हावे. दोन-तीन वेळा होडीसारखी डुलत राहिली तर शॉकअप त्या भाराला मऊ पडतो. गाडीत ऑटो मोड असेल तर तो हे पुष्कळसे स्वतः सांभाळतो.

भरताना इंजिन चालू ठेवावे किंवा भरून झाल्यावर चालू करून मिनिटभर थांबावे, म्हणजे गाडी सपाट होईल. उतरवताना उलटे होते. माल काढला की गाडी काही क्षण मागून वर उठते आणि मग हवा सोडून खाली येते. त्या वेळी बंपरखाली किंवा चाकाच्या कमानीत हात-पाय घालू नये.

हायवे : खाली आणि कडक, पण रस्ता पाहून

पेठ नाक्यावरून गाडी पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागली. वेग वाढला की गाडीच्या पोटाखालून वारा शिरतो आणि ट्रकला ओलांडताना बाजूचा झोत बसतो. म्हणून अनेक गाड्या ताशी 100 च्या आसपास स्वतःच 15 ते 20 मिलिमीटर खाली बसतात. पोटाखाली कमी वारा गेला की गाडी स्थिर राहते आणि इंधनही थोडे वाचते. इथे चालकाने काही करायचे नसते. फक्त पाणंदीत दाबलेले उंचीचे बटण परत नेहमीवर आणले आहे का, हे डॅशबोर्डवर पाहावे.

कडक मोडचा उपयोग लेन बदलताना आणि खंबाटकीसारख्या घाटाच्या उतारावर-वळणावर कळतो. पण त्याच्याकडून नको ती अपेक्षा करू नये. कडक शॉकअप गाडीचे कलणे सावकाश करतो. लांब वळणात गाडी शेवटी किती कलेल, हे ठरते वेगावर, वजनाच्या उंचीवर, स्प्रिंगवर आणि अँटी-रोल बारवर. स्पोर्ट बटण दाबले म्हणून वळण दहाने जास्त वेगात घेता येते, असे मुळीच नाही.

आणि रस्ता खराब असेल तर कडक मोड उलटा बाधतो. हायवेवर ठिगळे, पुलाचे जोड, सर्व्हिस रोडच्या वळणावर उखडलेले डांबर असते. अशा ठिकाणी कडक शॉकअपवर चाक टणाटण उडते. चाक जेवढा वेळ हवेत, तेवढा वेळ ना ब्रेक लागतो ना स्टेअरिंग. ब्रेक मारल्यावर एबीएस वारंवार थरथरत असेल आणि हातात स्टेअरिंग झटके देत असेल, तर मोड एक पायरी मऊ करावा आणि वेग कमी करावा. गुळगुळीत काँक्रीटवर कडक, ठिगळांच्या रस्त्यावर मधला, एवढे धरून चालले तरी पुरते.

ट्रक-बसवाल्यांसाठी

बलून फक्त मोटारीत नाहीत. लांब पल्ल्याच्या स्लीपर बसच्या खाली ते असतात. तिथे लेव्हलिंग व्हॉल्व्ह प्रवासी चढ-उतार करतील तशी उंची सांभाळतो. मोठ्या ट्रकच्या उचलत्या ॲक्सललाही, म्हणजे लिफ्ट ॲक्सललाही, बलूनच असतात. एक जोडी ॲक्सल वर उचलते, दुसरी तो खाली दाबते.

तिथला नियम सरळ आहे. ट्रक रिकामा असेल तर ॲक्सल वर, भरलेला असेल तर खाली. टायर वाचवायला भरल्या गाडीत तो उचलला की त्याचा सगळा भार शेजारच्या ॲक्सलवर जातो. चार टायरच्या एका ॲक्सलवर 11.5 टनांची मर्यादा आहे. ती 2018 मध्ये 10.2 वरून वाढवली गेली. उचलत्या ॲक्सलचा भार त्यात मिळाला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि पाटे, टायर, ब्रेक तिथेच जातात. नुसता ॲक्सल खाली दिसला म्हणजेही झाले नाही. दाबणाऱ्या बलूनमध्ये हवा कमी असेल तर चाक जमिनीला टेकलेले असते, पण भार घेत नाही. शेजारच्या ॲक्सलचे टायर जास्त तापत असतील तर हा दाब तपासावा.

बिघाड घरच्या घरी कसा ओळखायचा

बलून रबराचा असतो आणि त्याला घडी पडते. पाणंदीतला चिखल त्या घडीत सुकून बसला की तो कानसीसारखा रबर घासतो. म्हणून शेतातून आल्यावर चाकांच्या कमानीत साध्या पाण्याने धुवावे. प्रेशर वॉशरची धार जवळून बलूनवर मारू नये.

गळती तपासायला टेप पुरतो. संध्याकाळी सपाट फरशीवर गाडी उभी करावी. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत अंतर मोजून चारही आकडे लिहावेत. सकाळी दार न उघडता पुन्हा मोजावे, कारण काही गाड्या दार उघडताच हवा भरायला लागतात. चारही कोपरे थंडीने सारखेच दोन-तीन मिलिमीटर उतरले असतील तर काळजी नाही. एकच कोपरा एक सेंटिमीटर किंवा जास्त उतरला असेल तर त्या बलूनला किंवा त्याच्या नळीला गळती आहे. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. दोन कोपरे एकदम उतरत असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉक पाहावा.

लहान गळतीकडे दुर्लक्ष केले की खर्च वाढतो. गळलेली हवा भरायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो, तापतो आणि जळतो. गाडी उभी असतानाही घरघर ऐकू येत असेल किंवा वर उठायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर आधी गळती शोधावी. नुसता नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. सेकंड हँड गाडी घेतानाही हीच टेपची परीक्षा रात्रभर करू देण्याचा आग्रह धरावा. दहा मिनिटांच्या फेरीत गळती कळत नाही.

टायर बदलताना जॅक लावण्याआधी गाडीतला जॅक मोड चालू करावा. नाहीतर एक चाक उचलल्यावर सेन्सर गोंधळतो आणि गाडी हवा सोडून अचानक खाली येऊ शकते. फक्त बलूनवर किंवा जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, खाली घोडी लावूनच काम करावे. रस्त्यात बलून फाटून गाडी एका बाजूला पूर्ण बसली तर ती दोर बांधून ओढू नये. टायर कमानीला घासून फुटतो. अशा वेळी गाडी सपाट टेम्पोवर चढवूनच गॅरेजला न्यावी.